ओठ आधी, आवाज नंतर : साउंडबारविषयी फिरणाऱ्या पाच सूचनांना उत्तर

«ओटीटीवर आवाज ओठांच्या मागे पडतोय? मेकॅनिकला पैसे देऊ नका! १) नेट स्लो असल्यामुळे आवाज मागून येतो, मोठा प्लॅन घ्या. २) साउंडबारच्या रिमोटवर AV Sync वाढवत जा, जुळेपर्यंत थांबू नका. ३) वायर काढा, ब्लूटूथ लावा, वायरलेस फास्ट असतं. ४) टीव्ही गेम मोडवर ठेवा. ५) तरी नाही झालं तर भारीतली एचडीएमआय केबल घ्या. सगळ्यांना पाठवा.»

हा संदेश गेल्या महिन्याभरात बेळगावातल्या तीन निरनिराळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे आला आणि तिन्ही वेळा मी तो सोडून दिला. निपाणीला आत्याकडे गेलो तेव्हा मात्र या पाचांपैकी पहिल्या चार सूचना तिच्या घरी मनोभावे अमलात आणलेल्या दिसल्या. आत्याला एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. टीव्हीवर बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत ती निम्मे शब्द पकडते. ती मला म्हणाली, “अरे, हिचं तोंड मिटल्यावर आवाज येतोय की. आधी थोडं होतं, पोरांनी नीट केलं म्हणतात आणि आता काहीच कळेना झालंय.” म्हणून हे लिहितो आहे.

पोरांनी “नीट केलं” ते दुसऱ्या सूचनेप्रमाणे, आणि सर्वांत जास्त नुकसान करणारी सूचना हीच असल्यामुळे आधी तिच्याकडे वळतो. साउंडबारवरचे AV Sync किंवा Audio Delay हे बटण एकच काम करू शकते : टीव्हीकडून आलेला आवाज आपल्या स्मृतीत धरून ठेवणे आणि तितक्या मिलिसेकंदांनी उशिरा सोडणे. जो आवाज अजून आलेलाच नाही तो आधी वाजवण्याची सोय कोणत्याही साउंडबारमध्ये असू शकत नाही. म्हणजे हे बटण आवाज ओठांच्या पुढे धावत असेल तेव्हासाठी आहे. आवाज आधीच मागे असेल, तर ते वाढवल्याने तो आणखी मागे जातो. “जुळेपर्यंत थांबू नका” हा सल्ला पाळणारा माणूस शेवटच्या आकड्यापर्यंत पोहोचतो आणि तिथेच अडकतो. आत्याच्या साउंडबारवर २०० हा आकडा होता, कारण भाच्याला तिथवर येऊन कंटाळा आला होता.

आवाज मागे आहे की पुढे, हे ठरवण्याची साधी युक्ती आपल्या वर्णमालेतच आहे. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या चेहऱ्याकडे बघत “पाऊस” किंवा “बेळगाव” यासारख्या शब्दाची वाट पाहावी. ओठ उघडून गेल्यावर “पा” ऐकू आला तर आवाज मागे आहे, ओठ अजून मिटलेले असतानाच आला तर पुढे आहे. यासाठी डब केलेला चित्रपट मात्र चालत नाही. आपल्या सीमाभागात एकाच घरात मराठी मालिका, कन्नड बातम्या आणि हिंदीत डब केलेला कन्नड सिनेमा चालतो. त्यातल्या तिसऱ्यावर ओठ जुळवत बसलेले लोक मी पाहिले आहेत, आणि ते जुळणे शक्यच नाही.

आता किती मागे म्हणजे फार मागे, याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ विभागाची बीटी. १३५९ ही १९९८ सालची शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवू लागतो, पण मागे पडलेला आवाज जाणवायला सुमारे १२५ मिलिसेकंद लागतात. फटाका उडालेला आधी दिसतो आणि मग ऐकू येतो, हे आपल्याला जन्मापासून सवयीचे आहे. उलटे घडलेले मेंदूला लगेच खटकते. म्हणून मागे पडलेला आवाज सुधारताना त्याला ओठांच्या पुढे ढकलून चालत नाही, आणि शून्य मिलिसेकंद गाठण्याचा हट्ट धरण्याचीही गरज नाही. ही मर्यादा अर्थात सर्वसाधारण प्रेक्षकाची आहे. ओठ वाचणाऱ्या माणसाच्या घरी मी ती आणखी आवळून धरली.

मोजणी मी फोनवर केली. क्षणभर पडदा पांढरा होतो आणि त्याच क्षणी “बीप” वाजते, अशा चाचणीच्या चित्रफिती यूट्यूबवर मिळतात. तशी एक फीत लावून फोनने सेकंदाला ६० चौकटी, म्हणजे ६० स्थिर चित्रे, या वेगाने चित्रण केले, म्हणजे एक चौकट सुमारे १७ मिलिसेकंदांची झाली. संपादनाच्या ॲपमध्ये पडदा उजळलेली चौकट आणि ध्वनिरेषा उसळलेली चौकट यांमधले अंतर मोजता येते. फोनच्या स्वतःच्या नोंदीतही थोडी चूक असते. म्हणून आधी टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर मोजायचे, मग साउंडबारवर, आणि दोहोंमधला फरक धरायचा, म्हणजे फोनची चूक वजा होते.

टीव्हीच्या स्पीकरवर बीप एका चौकटीने मागे होती. निवेदिकेचे ओठही जुळत होते. एवढ्यावरच पहिली सूचना निकालात निघते, कारण इंटरनेट तेच, ॲप तेच आणि टीव्ही तोच होता. बदलला होता तो फक्त आवाजाचा शेवटचा रस्ता. ॲपकडे चित्र आणि आवाज वेगवेगळ्या तुकड्यांत येत असले तरी प्रत्येक तुकड्यावर वेळेची खूण असते आणि खेळवणारा भाग दोघांना एकाच घड्याळावर चालवतो. नेट मंदावले की चित्र धूसर होते किंवा गोल फिरणारे चक्र येऊन दोन्ही थांबतात. आवाज एकटा पाव सेकंद रेंगाळत नाही. एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो : मध्येच अडखळून किंवा थांबवून पुन्हा सुरू केल्यावर एखाद्या ॲपचे हे घड्याळ चुकते. पण तेव्हा ॲप पूर्ण बंद करून उघडले की काम होते, आणि तसा घोटाळा टीव्हीच्या स्पीकरवरही दिसतो. एकाच ॲपवर किंवा एकाच भागात तो दिसत असेल तर साउंडबारला हात लावू नये. आत्याच्या घरी मोठ्या प्लॅनचे पैसे भरून झाले होते.

साउंडबारवर आलो तेव्हा अंतर २५ चौकटींचे होते. टीव्हीच्या स्पीकरहून २४ जास्त, म्हणजे ४०० मिलिसेकंद. एवढ्या वेळात माणूस एखादा लहान शब्द बोलून मोकळा होतो. AV Sync २०० वरून शून्यावर आणताच अंतर १३ चौकटींवर आले. कमी झालेल्या १२ चौकटी म्हणजे बरोबर २०० मिलिसेकंद, त्यामुळे मोजणीवर माझा विश्वास बसला.

उरलेले २०० मिलिसेकंद तिसऱ्या सूचनेचे देणे होते. ब्लूटूथने पाठवताना टीव्हीला आवाज आधी आकसावा लागतो, तुकड्यांत हवेतून सोडावा लागतो, आणि तुकडा हरवला तरी खंड पडू नये म्हणून साउंडबार थोडा साठा करूनच वाजवतो. या सगळ्यात शंभर ते अडीचशे मिलिसेकंद सहज जातात. काही टीव्ही आणि साउंडबार एकमेकांना हा उशीर कळवतात आणि टीव्ही चित्र तेवढे रोखून धरतो; तिथे ओठ जुळतात, हेही खरे. आत्याची जोडी तशी नव्हती. मी काढून ठेवलेली एचडीएमआय तार शोधली आणि टीव्हीवर ARC लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणाऱ्या खाचेतच घातली, कारण शेजारच्या खाचेतून टीव्हीचा आवाज बाहेर येत नाही. मग मेनूत टीव्ही आणि साउंडबारला एकमेकांशी बोलू देणारे एचडीएमआय सीईसी सुरू करून आवाजाचा मार्ग साउंडबारकडे वळवला. अंतर ६ चौकटींवर आले, म्हणजे टीव्हीच्या स्पीकरहून सुमारे ८३ मिलिसेकंद जास्त. शिफारशीच्या मर्यादेत हे बसते, पण आत्या म्हणाली, “अजून जरा हाय.”

ते जरासे टीव्हीच्या Digital Audio Out या सेटिंगमध्ये सापडले. तिथे Dolby Digital हा पर्याय कायमचा निवडलेला होता. त्यामुळे डावी आणि उजवी अशा दोनच वाहिन्यांचा साधा आवाजसुद्धा टीव्ही पुन्हा डॉल्बीत बांधत होता आणि साउंडबार तो पुन्हा सोडवत होता. डॉल्बी डिजिटलमध्ये आवाजाचा एक तुकडा १५३६ नमुन्यांचा असतो. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर तो भरायलाच ३२ मिलिसेकंद लागतात, आणि सोडवण्याचा वेळ वेगळा. पर्याय बदलून PCM, म्हणजे न आकसलेला आवाज, केला आणि अंतर २ चौकटींवर आले. याची किंमत एकच आहे : साध्या एआरसीवरून PCM फक्त दोन वाहिन्यांचा जातो, म्हणून मागे स्पीकर ठेवलेल्या घरात भोवतालचा परिणाम जाईल. तिथे आधी Auto किंवा Pass Through करून पाहावे. आत्याकडे एक पट्टी आणि एक सबवूफर असल्याने काही गमावले नाही.

चौथी सूचना अर्धी खरी आहे. हालचाल गुळगुळीत करणारी चित्रप्रक्रिया चित्राला उशीर करते आणि गेम मोड ती बंद करतो. पण त्यामुळे चित्र लवकर येते, आणि आवाज मागे असलेल्या घरात अंतर बहुधा वाढते. तो उपाय उलट्या दुखण्याचा आहे. ते दुखणेही त्याच संध्याकाळी बघायला मिळाले. गेम मोड काढून मी आत्याच्या आवडीचा चित्रप्रकार लावला, त्यात ही प्रक्रिया सुरू होती, आणि चाचणीत साउंडबारचा आवाज तीन चौकटी पुढे गेला. म्हणजे ५० मिलिसेकंद, पुढच्या बाजूच्या ४५ च्या मर्यादेबाहेर. इथे AV Sync वाढवणे योग्य होते आणि मी ५० ठेवले.

केबलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोन मीटर तारेतून संदेश जायला सुमारे दहा नॅनोसेकंद लागतात, आणि एका मिलिसेकंदात दहा लाख नॅनोसेकंद असतात. खराब तारेने आवाज तुटतो किंवा बंद पडतो, उशिरा येत नाही.

निघण्यापूर्वी रिमोटच्या पाठीला कागद चिकटवून त्यावर लिहिले : “रोजचे चित्र – ५०, गेम मोड – ०.” भाच्याने त्याचा फोटो काढला आणि त्याच ग्रुपवर टाकला. आता निपाणीतली चार घरे, आपला टीव्ही न तपासता, ५० लावून बसली असतील.