मागच्या सीटची परीक्षा स्टँडवर होत नाही

बाईक घेताना बरेच जण म्हणतात, "सीट लांब आणि मऊ असली की बायको-पोरं आरामात बसतात. मागचं हँडल आणि फूटरेस्ट तर सगळ्याच गाड्यांना असतात, त्यात काय बघायचं? शोरूममध्ये दोन मिनिटं बसवून पाहिलं की झालं."

मऊपणा पहिली दहा मिनिटं सुखाचा वाटतो. मग फोम दबतो आणि माकडहाड खालच्या पत्र्यापर्यंत पोचतं. मूठ जोरात दाबून पाहा. तळ लागला तर ती सीट लांबच्या रस्त्याची नाही. सीट पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला मागचं माणूस तुमच्या पाठीवर येणार, मग लांबी कितीही असो.

फूटरेस्टमध्ये मात्र बरंच बघण्यासारखं आहे. वाकून पाहा, तो कशाला बसवलाय: चासीला की मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला? स्विंगआर्मवरचा फूटरेस्ट चाकासोबत वरखाली होतो, त्यामुळे खड्डा थेट तळपायाला कळतो. शोरूममध्ये गाडी मेन स्टँडवर असते, चाक लोंबतं आणि असा फूटरेस्टही खाली जातो. बायकोचे गुडघे मोकळे दिसतात. रस्त्यावर दोघांच्या वजनानं शॉकअप दबले की सीट खाली येते, फूटरेस्ट तिच्या जवळ सरकतो आणि गुडघे वर उचलले जातात. मांडीवरचा भार सुटून सगळं वजन बुडावर येतं. म्हणून गाडी स्टँडवरून उतरवून, तुम्ही पुढे बसून मगच तिला बसवा. तुमची टाच तिच्या बोटांना लागते का, तिचा उजवा पाय सायलेन्सरला टेकतो का, तेही तेव्हाच कळेल.

हँडल कोणाला उपयोगी, हे बसण्यावर ठरतं. एका बाजूला पाय टाकून बसलेल्या बाईचा उजवा हात तुमच्या खांद्यावर असतो आणि डावा मागे; तिला मागचं आडवं हँडल सोयीचं. दोन्हीकडे पाय टाकून बसलं की तेच हँडल पाठीमागे जातं, खांदा पिळतो. वेग घेताना ते धरून राहता येतं, पण ब्रेकला पुढे जाणारं अंग सावरायला दोन्ही बाजूंचे दांडे जास्त सोयीचे. हातमोजा घालून पकड घेऊन बघा. काही दांडे इतके सीटला चिकटून असतात की बोटंच आत जात नाहीत. (साडी नेसणाऱ्यांनी चाकावरची जाळी आणि तिथली पाय ठेवायची पट्टी नक्की पाहावी.)

मुलाची चाचणी वेगळीच घ्या, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 128 प्रमाणे चालकामागे एकच माणूस बसू शकतं. सात वर्षांच्या मुलाला मागे टेकवून बसवा. पूर्ण तळपाय फूटरेस्टवर टेकून गुडघा थोडा वाकलेला राहिला तर ठीक. नुसते अंगठे टेकत असतील, तर ते मूल ब्रेकच्या वेळी पायावर जोर देऊ शकणार नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा नियमानं लागतो, वेगही 40 च्या आत. त्याला टाकीवर बसवलं तर जोरात ब्रेक लागताच तोंडासमोर थेट हँडलबार असतो.