पुनर्विवाह आणि पहिल्या पतीकडून आलेला हिस्सा

"विधवेने दुसरं लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या जमिनीतला हिस्सा परत द्यावा लागतो का?"

नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार वारसा पतीच्या मृत्यूच्या क्षणीच ठरतो. समजा, मृत्युपत्र न करता गेलेल्या पतीची स्वकष्टार्जित सहा एकर जमीन आहे आणि मागे आई, पत्नी, एक मुलगा. तिघांना दोन-दोन एकर. पत्नीने पुढे लग्न केलं तरी तिचे दोन एकर तिचेच, कलम १४ प्रमाणे पूर्ण मालकीचे. हिस्सा काढून घेणारा १८५६ चा कायदा केव्हाच रद्द झालाय. म्हणून ताईंनो, लग्नाआधी कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं तर सही करू नका, हिस्सा खरा तिथेच जातो! मृत्युपत्र मात्र कराच. मूलबाळ नसेल तर तुमच्यामागे ती जमीन पहिल्या पतीच्या वारसांकडे जाते.