अंगठ्यासह सत्यप्रत

कागदाचा फोटो काढताना कोपऱ्यावर अंगठा दाबलेलाच बरा. कागद हलत नाही, आणि कुणाचा अंगठा उठला याचा पुरावाही राहतो. खाली टेबल शक्यतो पांढरंच घ्या, म्हणजे पांढरं पान कुठे संपतं हे ना ॲपला कळेल ना तुम्हाला. मोबाईल बरोबर डोक्यावर धरायला उठावं लागतं, तेव्हा बसल्या जागेवरून तिरकाच धरा. पान खाली रुंद आणि वर निमुळतं येईल. येऊ दे, पर्स्पेक्टिव्ह क्रॉप कशासाठी आहे?

त्याचं मागणं फार नसतं. पानाचे चार कोपरे दाखवले की तो वाकडा चौकोन ताणून आयत करतो आणि बाहेरचं टेबल, बोटं सगळं फेकून देतो. आता आपला डावा खालचा कोपरा अंगठ्याखाली गेलाय. काही चिकित्सक मंडळी अशा वेळी डावी कड आणि खालची कड दिसते तिथून सरळ पुढे वाढवतात आणि दोन्ही रेषा भेटतात तिथे, भर अंगठ्यावर, खूण ठेवतात. मग पान सरळ येतं, पण अंगठ्याचा पानावरचा भाग तसाच राहतो. तो कोऱ्या समासात असला तर पांढऱ्या ब्रशने पुसत बसतात. अक्षरांवर असला तर चक्क पुन्हा फोटो काढतात! एवढा वेळ कुणाला आहे?

तुम्ही खूण आत सरकवा, अंगठा संपून कागद सुरू होतो तिथे. अंगठा गायब. वरची पहिली ओळ अगदी सरळ आहे ना, मग झालं. खाली जाताजाता डावा समास आक्रसत जातो आणि शेवटच्या ओळी डावीकडे उताराला लागतात, पण तिथवर वाचतो कोण? (सही तिथेच असते, ही गोष्ट वेगळी.)

शिक्का गोल होता, तो आता अंडाकृती दिसतोय? तिरक्या फोटोवरून पानाची खरी उंची ॲपने अंदाजाने ठरवली, तो अंदाज चुकला. ए-फोर पान 210 बाय 297 मिलिमीटरचं असतं. प्रमाणाचं कुलूप काढून चित्र 2480 बाय 3508 पिक्सेल केलं की शिक्का पुन्हा गोल होतो. पण बसकी अक्षरं कशी ऐसपैस वाटतात, राहू द्या.

वरचा मजकूर धूसर दिसला तर नशिबाला बोल लावा. फोटोत पानाची खालची कड 2400 पिक्सेल होती आणि लांबची, वरची कड जेमतेम 1200. दोन्ही सारख्या रुंदीच्या करायच्या म्हणजे वरची दुप्पट ताणणं आलं, आणि नसलेला तपशील ताणून उगवत नाही. तिथल्या नोंदणी क्रमांकात 3 आहे की 8, असं समोरच्याने विचारलं तर मूळ फोटो पाठवतो म्हणावं. क्रॉप त्याच फाइलवर सेव्ह केलाय, हे मात्र लगेच सांगू नये.