हजार पत्रिका छापल्या की पैसे वाचतात?

“लग्नपत्रिका हजारच छापा. नगाचा दर निम्म्यावर येतो, पैसे वाचतात. कागद जाडच घ्या. पाकीट छापखाना फुकट देतो.”

हा मेसेज वाचून काका खानापूरहून थेट बेळगावला हजारांची ऑर्डर द्यायला निघाले. ताईच्या लग्नाची यादी ३०० घरांची! त्यांना बसवून मी शहापूरच्या छापखान्याचं कोटेशन पुढे ठेवलं.

डिझाईन, प्लेटा आणि मशीन लावणं याचे २४०० रुपये. पत्रिका ३०० असोत की हजार, हे तेवढेच. त्यावर प्रत्येक नगाला कागद-छपाईचे ६ आणि पाकिटाचे ३. म्हणजे ३०० पत्रिका १७ रुपयांनी ५१०० ला. हजार घेतल्या तर नग ११ रुपये ४० पैसे, पण बिल ११,४००! ९ रुपयांखाली नग जाणारच नाही, कारण कागद आणि पाकीट दर पत्रिकेला नव्यानं लागतं. उरलेल्या ७०० माळ्यावर गेल्या, तर वाटलेली एकेक ३८ रुपयांना पडली. निम्मा दर कुठला?

एवढं मात्र खरं, की नेमक्या ३०० छापू नयेत. मागाहून ३० कमी पडल्या तर मशीन पुन्हा लावावं लागतं आणि रंग जुळेपर्यंत कागद वाया जातो. आत्ताच वाढवल्या तर प्रत्येकी ९ रुपयेच. आम्ही ३४० ठरवल्या.

आपल्या भागात खरा पैसा जातो तो दोन भाषांत. आम्हाला २६० मराठी आणि ८० कानडी पत्रिका हव्या होत्या. दोन वेगळी डिझाईनं केली की २४०० चा खर्च जवळजवळ दुसऱ्यांदा बसतो. चौरंगी छपाईत प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते. त्यामुळे मागची वेलबुट्टी दोन्हींना एकच ठेवली आणि मॅटर निव्वळ काळ्या शाईत घेतलं, तर फक्त काळ्याची प्लेट बदलावी लागते. काकांना मॅटर किरमिजी हवं होतं. पण किरमिजी दोन-तीन शायांतून होतो, म्हणजे तेवढ्या प्लेटा बदला. काळ्यावर राजी करायला अर्धा तास गेला, पण झाले.

जाड कागदाचं थोडक्यात: कागदाचा दर वजनावर असतो आणि जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळे २५० जीएसएमवरून ३०० वर गेलं की कागदाचा खर्च साधारण पाचव्या भागानं वाढतो. शिवाय जाड आर्ट कार्ड क्रीजिंग न करता, म्हणजे घडीची रेघ आधी दाबून न घेता दुमडलं की घडीवर रंग फुटून पांढरी रेघ दिसते. नमुना हातानं दुमडून बघा.

आणि पाकिटाचे ३ रुपये कोटेशनमध्ये वेगळे लिहून मागा, म्हणजे फुकट काय ते कळेल. गल्लीतल्या १०० घरी काकू स्वतः जाऊन कुंकू लावून पत्रिका देणार होत्या. तिथं पाकीट नको म्हटलं, नाव लिहायला पत्रिकेच्या मागेच जागा ठेवली, ३०० रुपये सुटले.