हे कशाचंय? जरा झूम करून सांग ना

मी हौसेने घरी रॅकेटचं गटिंग करतो, म्हणजे तारा ओढून बसवतो, एवढंच काय ते माझं पाप, पण त्यामुळे सोसायटीत कुणाच्याही माळ्यावरून जाळीदार किंवा गोल काही निघालं की पहिला फोटो मला येतो. खाली एकच ओळ, "हे कशाचंय? विकायला टाकायचंय." फोटोत रॅकेट कव्हरात, निम्मं कव्हर सोफ्याखाली, आणि उरलेल्या जागेत काढणाऱ्याचा अंगठा. यावरून मी खेळ ओळखायचा.

परवा सी विंगच्या काकूंचा नंबर लागला. मुलगा कॅनडाला गेला, रॅकेट मागे राहिली. म्हटलं काकू, कव्हर काढा, फरशीवर आडवी ठेवा आणि मोबाईल बरोब्बर वरून धरा, कारण तिरका फोटो काढला की जे टोक कॅमेऱ्याजवळ ते फुगतं आणि बॅडमिंटनचीही टेनिससारखी दिसायला लागते. काकूंनी फोटो मला पाठवायच्या ऐवजी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. झालं. बी विंगचे काका लगेच हजर, "टाइल दोन फुटाची आहे, रॅकेट चार बोटं बाहेर येतेय, म्हणजे सत्तावीस इंच, म्हणजे टेनिस, विषय संपला."

हिशोब बरोबर, निकाल चूक. टेनिसची रॅकेट साधारण २७ इंच असते हे खरं, पण स्क्वॉशचीही २७ इंचच असते आणि बॅडमिंटनची जेमतेम अर्धा इंच कमी, त्यामुळे लांबीवरून या तिघींत काहीच ठरत नाही. बघायचं ते डोकं आणि मान.

मी झूम केलं आणि उभ्या तारा मोजायला लागलो (बायको म्हणाली, ऑफिसचं काम एवढं मन लावून करत जा). चौदा भरल्या. बॅडमिंटनमध्ये बहुतेक बावीस असतात, दोरा ओवल्यासारख्या बारीक, पाऊण मिलीमीटरपेक्षाही कमी, आणि चौकोन इवलेसे. इथे तारा जाड, चौकोन मोठे, म्हणजे बॅडमिंटन बाद. टेनिसच्या नेहमीच्या रॅकेटला सोळा नाहीतर अठरा उभ्या, पण एका आकड्यावर मी कुणाला फाशी देत नाही. खरा पुरावा मानेत होता. टेनिसच्या रॅकेटला डोक्याखाली एक आडवा पूल असतो, तारा तिथेच थांबतात आणि खाली रिकामा त्रिकोण उरतो. काकूंच्या रॅकेटला पूलच नव्हता, मधल्या तारा थेट मानेत उतरून दांड्याजवळ शिरत होत्या, अख्खं डोकं थेंबासारखं निमुळतं. स्क्वॉश. आता पूल असलेल्या स्क्वॉशच्या रॅकेटही मिळतात, तेव्हा रुंदी बघावी लागते, टेनिसचं डोकं दहा इंचाच्या आसपास आणि स्क्वॉशचं आठच्या आसपास.

काका ऐकेनात. शेवटी काकूंनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर रॅकेट ठेवून फोटो टाकला, १४५ ग्रॅम. टेनिसची तीनशेच्या घरात जाते आणि बॅडमिंटनची बहुतेक नव्वदीच्या आसपासच राहते. काका म्हणाले, "मग लहान मुलांची टेनिस असेल." मी फोन उपडा ठेवला.

तेवढ्यात काकूंचा मेसेज आला, की कव्हरच्या कप्प्यात एक काळा रबरी चेंडू होता, लिंबाएवढा, दोन पिवळे ठिपके असलेला, पण तो बिचारा मेला होता, टाकला तर उसळेचना, म्हणून घंटागाडीत दिला. अहो काकू, तो उसळत नाही तेच त्याचं काम! दोन पिवळे ठिपके म्हणजे सगळ्यात मंद चेंडू, आधी भिंतीवर बडवून बडवून गरम करायचा तेव्हा कुठे जिवंत होतो. चाळीस मिलीमीटरचा तो चेंडू पहिल्याच फोटोत आला असता तर बाकी कशाला हातही लावायला लागला नसता.

एवढं झाल्यावर काकांनाही माळा आठवला. त्यांचा फोटो म्हणजे एक चेंडू, पंचकोन आणि षटकोन मिळून तेच ते बत्तीस तुकडे, वर ३ नंबर. "हा तरी फुटबॉल आहे ना?" गंमत अशी की लहान मुलांच्या ३ नंबर फुटबॉलचा घेर आणि पुरुषांच्या ३ नंबर हँडबॉलचा घेर जवळपास एकच, ५८ ते ६० सेंटीमीटर, आणि तुकडेही दोघांचे बत्तीस असू शकतात. तुकडे मोजून उपयोग नाही, आकडा वाचून नाही, टाइल तर नाहीच नाही. म्हटलं काका, उजेडात जवळून फोटो काढा. पृष्ठभाग फुटबॉलसारखा गुळगुळीत चकचकीत नव्हता, मॅट आणि बारीक खरखरीत होता, हातात पकड बसावी असा, आणि त्यावर बोटांचे तपकिरी डाग.

"ते नातवाने गुळाच्या हातांनी धरलंय," काका म्हणाले.

म्हटलं, चिकट आहे का अजून? तर हो, धूळही बसलीय त्यावर. हँडबॉलवाले एका हातात चेंडू धरता यावा म्हणून बोटांना राळ लावतात, तिचेच हे डाग. फुटबॉलला बोटांचे ठसे कशाला उमटतील, गोलकीपर आणि थ्रो-इन सोडलं तर हात लावतो कोण?

काकांनी बराच वेळ टायपिंग टायपिंग केलं. मग मेसेज आला, "बरं. पण हवा जास्त भरली तर होईल का फुटबॉल?"