हळदीचे फोटो ब्लर आले, लेन्स खराब आहे का? दुकानाकडून उत्तर

★☆☆☆☆ "बहिणीच्या हळदीसाठी कॅमेरा आणि ७०-३०० लेन्स भाड्याने घेतली. संध्याकाळचे निम्मे फोटो ब्लर. स्टॅबिलायझर ऑन होता, चार स्टॉपचा आहे असं सांगितलं होतं, तरी ही अवस्था. लेन्स खराब आहे. माझ्या फोनने यापेक्षा चांगले फोटो काढले. पैसे वाया."

नमस्कार सर, घरचं कार्य होतं, ते फोटो परत काढता येत नाहीत, त्यामुळे राग येणं साहजिक आहे. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवलेत ते फार बरं केलंत, नुसते फोटो म्हणून पाठवले असते तर शटर, आयएसओ वगैरे सगळी माहिती उडून गेली असती आणि मग मी काय बोलणार होतो.

आधी लेन्सचं सांगतो. परत आल्यावर तीच लेन्स त्याच बॉडीवर लावली, ट्रायपॉडवर ठेवली, स्टॅबिलायझर बंद केला, २ सेकंदांचा टायमर लावला आणि भिंतीवर चिकटवलेल्या पेपरच्या पानाचे २०० एमएमला फोटो घेतले. चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं सारखी वाचता येतात. लेन्सची काच सरकलेली असेल ना तर एक बाजू किंवा एक कोपरा कायम मऊ येतो, दिवसाही आणि रात्रीही, आणि तुमचे दुपारचे मेहंदीचे फोटो कडेपर्यंत कडक आहेत, तुम्हीच झूम करून बघा. मग हातात धरून, स्टॅबिलायझर चालू करून, शटर १/४० सेकंद ठेवूनही घेतले, त्यातले बहुतेक शार्प आलेत. दुकानात या, लॅपटॉपवर दाखवतो.

आता संध्याकाळच्या फोटोंकडे. त्यात दोन वेगवेगळे ब्लर आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिला तो, ज्यात मावशी हळद लावतायत. मागच्या झेंडूच्या माळा बघा, एकेक पाकळी मोजता येतेय, आणि मावशींचा हात मात्र पिवळा धूर झालाय. म्हणजे कॅमेरा हलला नाही, हात हलला. इथे स्टॅबिलायझरने त्याचं काम चोख केलंय, पण तो फक्त तुमच्या हाताची थरथर सांभाळतो, समोरचा माणूस हलला तर त्याला त्याचं काहीच करता येत नाही. कितीही महागडा घ्या, आठ स्टॉपचा घ्या, उत्तर हेच. हळद लावणारा हात, नाचणारी मुलं यांना १/२५० तरी लागतो, उड्या मारत असतील तर १/५००. या फोटोत शटर होता १/४०.

दुसरा आजींचा. आजी तर खुर्चीत शांत बसल्यात, तरी अख्खा फोटो मऊ आहे. यात मागच्या लायटिंगच्या माळेतले दिवे झूम करून बघा, दिव्यांचे ठिपके राहिले नाहीत, छोट्या रेघा झाल्यात. रेघा सगळीकडे एकाच दिशेला असतील तर कॅमेरा वर-खाली किंवा आडवा हलला असं समजायचं. पण तुमच्या फोटोत गंमत आहे, मधला दिवा जवळजवळ ठिपकाच आहे आणि कडेचे दिवे वाकड्या रेघा झालेत, जणू मधल्या दिव्याभोवती गोल फिरतायत. म्हणजे कॅमेरा स्टिअरिंगसारखा किंचित फिरला. हे होतं बटण जोरात दाबल्यामुळे, उजवी बाजू खाली जाते. आणि नेमकं हेच फिरणं लेन्समधल्या स्टॅबिलायझरला सावरता येत नाही, त्याची काच फक्त वर-खाली आणि आडवी सरकते. ज्या बॉडीत सेन्सरच हलतो तिथे हे फिरणंही सावरलं जातं, पण तुम्ही घेतलेल्या बॉडीत ते नाहीये, तिचं भाडंही त्यामुळेच कमी आहे.

आता ते १/४० आलं कुठून. हातात धरून काढताना जुना अंदाज असा की शटर निदान एक भागिले फोकल लेंग्थ असावा. पण बॉडी १.५ क्रॉपची आहे, म्हणजे सेन्सर छोटा आणि फोटो दीडपट जवळचा येतो, म्हणून २०० चे ३०० धरायचे, म्हणजे १/३०० ला जवळचा १/३२०. स्टॅबिलायझर नसताना इतका पाहिजे. आणि हा अंदाज पूर्वीच्या छोट्या प्रिंटच्या हिशोबाचा आहे, आपण आता २४ मेगापिक्सेलचा फोटो पूर्ण झूम करून केस मोजत बसतो, त्याला खरं तर याच्याही दुप्पट वेग बरा.

एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडा. १/३२० वरून १/१६०, मग १/८०, मग १/४०, हे झाले तीन, चौथा १/२०. म्हणजे कागदावर चार स्टॉपमध्ये तुमचा १/४० आरामात बसतो, तुमचं म्हणणं तिथपर्यंत बरोबर आहे. पण हा आकडा कंपनी काढते ती मशीनवर, ठरावीक थरथर देऊन. ती थरथर बारीक असते. तुम्ही गर्दीच्या डोक्यावरून हात लांब करून स्क्रीनमध्ये बघत फोटो काढलेत (फोटोच्या अँगलवरूनच कळतंय, सगळ्यांच्या टाळूच्या वरून आहे), त्यात हात झोके घेतात, काच सरकायला जेवढी जागा असते तेवढी संपून जाते आणि मग पुढचं सगळं फोटोत उतरतं. म्हणून मी स्वतः छापील आकड्यातून दोन स्टॉप वजा करूनच धरतो, चारचे दोन. म्हणजे २०० ला या लेन्सवर १/८० च्या खाली जायचंच नाही, ते पण समोरचा माणूस बसलेला असेल तरच.

कॅमेऱ्याने १/४० घेतला कारण तुम्ही ए मोडवर, म्हणजे अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं आणि शटर कॅमेऱ्याने, एफ ५.६ ठेवलं होतं आणि आयएसओ ८०० वर लॉक होता. नॉइज म्हणजे फोटोत दाणे नकोत म्हणून केलं असणार, बरेच जण करतात. पण लॉनवरचा उजेड तेवढाच, अ‍ॅपर्चर ठरलेलं, आयएसओ ठरलेला, मग कॅमेऱ्याच्या हातात फक्त शटर उरतो, तो मंद करणार नाहीतर काय करणार. १/३२० हवा असता तर तीन स्टॉप म्हणजे ८०० चे १६००, ३२००, ६४००. हो ६४०० ला दाणे दिसतात, मोबाईलवर बघताना कळतसुद्धा नाहीत, आणि दाणे नंतर कमी करता येतात, हललेला हात मात्र सरळ होत नाही. नाहीतर चार पावलं पुढे जाऊन १०० एमएमवर काढायचं, तिथे १/१६० चालतो आणि आयएसओ ३२०० वर भागतं. अर्थात हे आजींसाठी, मावशींच्या हातासाठी १/२५० च लागणार.

धरायचं कसं ते पण सांगतो कारण फरक इथेच पडतो. स्क्रीन सोडा, डोळा व्ह्यूफाइंडरला लावा, भुवई टेकली पाहिजे. डावा तळहात लेन्सच्या खाली, वरून पकडायची नाही, वजन त्या हातावर. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली, डावा पाय थोडा पुढे, आणि जवळ खांब किंवा भिंत असेल तर खांदा टेकून द्या, मंडपाचा खांब नको, तो स्वतःच हलतो. श्वास पूर्ण भरून रोखला की छाती ताणली जाते आणि हृदयाचे ठोके हातापर्यंत येतात, तसं करू नका. सोडत सोडत यायचं, श्वास संपतो तिथे आपोआप एक छोटा थांबा असतो, त्यात काढायचं. बटण आधी अर्धं दाबून एखादा सेकंद थांबा, स्टॅबिलायझर चालू होऊन स्थिर व्हायला तेवढा वेळ घेतो, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र एकदम शांत झालेलं दिसतं, मग उरलेलं बोट हळू घसरवत दाबा. आणि बर्स्ट लावून तीन-चार घ्या, पहिल्यात बोटाचा धक्का असतो, दुसरा-तिसरा बहुतेक वेळा चांगला निघतो.

फोनचं म्हणाल तर त्यात काही जादू नाही. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ एमएमच्या हिशोबाचा, म्हणजे त्याच अंदाजाने त्याला १/२५ सुद्धा पुरतो, वर लेन्स एफ १.८ च्या आसपास, त्यामुळे उजेड भरपूर, आणि फोन एका दाबात बरेच फोटो घेऊन जुळवून एक करतो. इतक्या रुंद फोटोत हाताची थरथर दिसतच नाही. पण त्याच फोनवरचा ५एक्स झूमचा फोटो तुम्ही पाठवलाय, त्यात नवरीच्या कानातल्याचे दोन झालेत. ५एक्स म्हणजे १२० एमएम, तिथे फोनलाही १/१२५ लागतो, लेन्स मात्र बारीक, आणि अंधार वाढला की बरेच फोन झूमची लेन्स सोडून गुपचूप मुख्य कॅमेऱ्यातूनच कापून देतात. नाइट मोड तर स्थिर गोष्टींसाठी, माणूस हलला की दोन-दोन कडा येतात. फोनवर दोन हात, कोपरं पोटाला, आणि स्क्रीनवर टॅप करण्याऐवजी ३ सेकंदांचा टायमर, खूप फरक पडतो.

पैसे परत करायचं म्हणाल तर लेन्समध्ये दोष नाही म्हणून भाडं परत करता येणार नाही, डिपॉझिट तुम्हाला त्याच दिवशी पूर्ण मिळालंय. पण लग्न अजून पुढच्या महिन्यात आहे असं तुम्ही म्हणाला होतात, तर त्या संध्याकाळसाठी ७०-३०० घेऊ नका, ८५ एमएम एफ १.८ घ्या. ५.६ वरून १.८ म्हणजे तीन स्टॉपच्या थोडं वर उजेड मिळतो, म्हणजे आयएसओ ८०० ठेवूनच १/३२० मिळेल, मावशींचा हातही त्यात थांबेल. ही लेन्स झूम होत नाही, पुढे-मागे तुम्हालाच चालावं लागेल, आणि १.८ ला फोकस डोळ्यावर नीट पाहिजे, एक डोळा शार्प आणि दुसरा मऊ असं होऊ शकतं, म्हणून दोघं शेजारी असतील तर एफ २.८ करा, तिथे १/१६० येईल किंवा आयएसओ १६०० करून १/३२०. या लेन्समध्ये स्टॅबिलायझर नाही, ८५ ला क्रॉप धरून १/१२५ लागतो. भाडंही ७०-३०० पेक्षा कमीच आहे. घेऊन जायच्या आदल्या संध्याकाळी या, ऑटो आयएसओ लावून देतो, कमीत कमी शटर १/२५० आणि जास्तीत जास्त आयएसओ ६४००, म्हणजे ए मोडमध्ये उजेड कमी झाला की आधी आयएसओ वाढेल. त्यालाही मर्यादा आहे, ६४०० ला पोचल्यावरही उजेड पुरला नाही तर कॅमेरा शटर मंद करतोच, त्यामुळे स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या आकड्यावर मधूनमधून नजर टाकत राहा.