माइक जवळ घेतला की नुसता आवाज मोठा होत नाही

"माइक ओठांना टेकवूनच गा, आवाज भरदार येतो. अंतर-कोन बदलला तर फक्त लेव्हल कमी-जास्त होते. टोनचं काय, खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या ईक्यूवर नंतर बघता येतं." हा सल्ला नेहमीचाच.

भरदार येतो हे खरं, पण तो भर गळ्यातला नसतो. स्टेजवर गायकाच्या हातात बहुधा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माइक असतो. पुढून येणारा दाब आणि मागच्या झरोक्यांतून येणारा दाब यांच्या फरकावर त्याचा पडदा हलतो. तोंड चार-पाच सेंटीमीटरवर आलं की झरोक्यांपर्यंतचं थोडंसं जास्तीचं अंतरही मोठं ठरतं, आणि पुढचा दाब मागच्याला भारी पडतो. खालच्या स्वरांना एरवी हा फरक नगण्य असतो, म्हणून माइक तो उचलून घेईल अशीच रचना असते. जवळून गाताना तीच रचना खालचा भाग फुगवते. हाच प्रॉक्सिमिटी इफेक्ट. चहूकडून सारखं ऐकणाऱ्या ओम्नी माइकला तो नसतो.

आता "फक्त लेव्हल" तपासू. आदर्श कार्डिऑइडचं गणित धरलं तर 200 हर्ट्झला 5 सेंटीमीटरवर सुमारे 9 डेसिबलचा उठाव मिळतो, 20 सेंटीमीटरवर जेमतेम 2. म्हणजे गायक 5 वरून 20 वर गेला की वरच्या स्वरांचा आवाज साधारण 12 डेसिबलने उतरतो, पण 200 हर्ट्झ जवळजवळ 20 ने. फेडर वर करून पातळी भरून निघेल, आवाजाचं अंग भरून निघणार नाही.

ईक्यूची अडचणही इथेच आहे. जवळच्या ओळीला घुमतंय म्हणून 200 हर्ट्झला 8 डेसिबल कापले, की तान घेताना माइक लांब नेल्याबरोबर आवाज पातळ आणि पत्र्यासारखा. ईक्यू एकाच जागी बसलेला, गायक मात्र हलतोय. (हलू नका म्हणून सांगून पाहिलंय, गायक हलतातच.)

कोनाबाबत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. माइक तोंडासमोरून थोडा बाजूला घेऊन त्याचं तोंड ओठांकडेच ठेवलं, तर 'प', 'फ', 'भ'चे फुत्कार चुकतात, टोन फारसा बिघडत नाही. माइकच फिरवला तर मात्र वरचा भाग आधी जातो: 10 किलोहर्ट्झची लहर साडेतीन सेंटीमीटरचीच असते, म्हणजे मोठ्या पडद्याच्या मापाच्या आसपास, आणि तिरकी आली की पडद्यावर स्वतःलाच अंशतः खोडते. 'स', 'श' बोथट होतात. शिवाय फिरवता फिरवता खर्जाचा उठावही घटतो. आदर्श कार्डिऑइडला 90 अंशांवर तो उरतच नाही.

गोंगाटाच्या स्टेजवर जवळून गाणं योग्यच, फीडबॅक टळतो. पण मग त्या अंतराला साजेसा ईक्यू लावा आणि अंतर पाळा. शंका असेल तर एकच 'आ' 5 आणि 20 सेंटीमीटरवरून रेकॉर्ड करा, दोन्हींची पातळी सारखी करा आणि डोळे मिटून ऐका.